पंधरावं वाक्य

राजश्री शिरूरला एका खोलीत भिंतींना गाद्या लावून आवाज रेकॉर्ड करायची. २००६ साली पुण्याच्या एका कंपनीनं तिला मुलांच्या शेतीवरच्या गेमचं काम दिलं. गेममध्ये एक म्हातारं जोडपं होतं. त्यासाठी कंपनीनं निवडलेले दोघं, मारुतराव आणि तुळजाबाई, खरेच नवरा-बायको होते. पण बरीच वर्षं ते वेगळे राहत होते. मारुतराव शिरूरला एकटे, तुळजाबाई दौंडला भाचीकडं.

मारुतरावांनी खोलीत येऊन वाक्यं म्हटली. तुळजाबाईंसाठी राजश्री लॅपटॉप आणि माइक घेऊन दौंडला गेली. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक ओळीला क्रमांक, पात्र, प्रसंग आणि वाक्य असे रकाने होते. फाइलचं नावही तसंच ठेवायचं: पात्र, क्रमांक, कितवा टेक. त्यामुळं दोघांच्या फाइली एका फोल्डरमध्ये टाकल्या तरी गोंधळ झाला नाही.

गोंधळ झाला तो आवाजात. सगळ्या फाइलींतल्या आवाजाची सर्वांत उंच टोकं तिनं एका पातळीला आणली, तरी तुळजाबाई लांबून बोलल्यासारख्या वाटायच्या. त्यांच्या फाइलींत कुठंकुठं ‘प’ म्हणताना श्वासाचा फटका माइकवर बसला होता, आणि त्या फटक्यालाच टोक धरलं गेलं होतं. फटके कापून तिनं सरासरी पातळी जुळवली. तेव्हा आवाज वर आला, पण मागची पंख्याची घरघरही वर आली. मारुतरावांचा आवाज खाली आणला असता, तर सगळा गेमच दबला असता. पुन्हा दौंडला जाणं भाग होतं.

या खेपेला तिनं पंखा बंद केला. माइक जरा बाजूला ठेवला आणि मारुतरावांच्या फाइलीही बरोबर नेल्या.

“मावशी, आधी त्यांचं वाक्य ऐका, मग उत्तर द्या. म्हणजे सूर जुळंल.”

हेडफोनमध्ये चौदावं वाक्य वाजलं: “जेवलीस का?”

तुळजाबाईंनी हेडफोन कानांवर घट्ट दाबला. मग म्हणाल्या, “पुन्यांदा लाव.”

तिसऱ्यांदा ऐकून त्यांनी पंधरावं वाक्य म्हटलं: “तुमच्या आधी मी कवा जेवलीय?”

राजश्रीनं दुसरा टेक मागितला नाही.

शिरूरला फाइली जुळवून तिनं मारुतरावांना ऐकायला बोलावलं. आता दोघं एकाच स्वयंपाकघरात बसल्यासारखे वाटत होते.

“ही कुनाला म्हनली?” त्यांनी विचारलं.

“तुमचं वाक्य ऐकून म्हणाल्या.”

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“मामा, त्यांना काही सांगू का?”

“काम झालं म्हनून सांगा.” ते उठले. दारात थांबले. “आवाज बसलाय तिचा. औषध घेती का इचारा. मी इचारलं म्हनून सांगू नका.”

ते गेल्यावर राजश्रीनं दौंडला फोन लावला आणि औषधाचं विचारलं.

“घेते,” तुळजाबाई म्हणाल्या. “कुनी इचारलं?”

“मीच, मावशी.”

“बरं,” तुळजाबाई म्हणाल्या. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.