सेवा में, प्रबंधक महोदय

बँकेतून रिटायर झालेल्या माझ्या बाबांना जिमची मेंबरशिप मीच घेऊन दिली, आणि रोज नदीवरच्या बालाजी घाटाच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाला ती कशाला हवी होती? ती दरवर्षी आपोआप रिन्यू व्हायची. बाबांनी ती बंद करायला हिंदीत रीतसर पत्र धाडलं. जिमचं उत्तर आलं, पत्र चालत नाही, फोनच करा.

बाबांनी फोन लावून तेच पत्र वाचायला घेतलं. "सेवा में, प्रबंधक महोदय..."

पलीकडच्या मुलीने दोन महिने फुकट देऊ केले.

"बेटी, बीच में मत टोकिए," म्हणत बाबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

चौथ्या 'सेवा में'ला ती म्हणाली, "सर, कैंसल कर दिया. मैसेज देखिए."

मेसेज खरंच आला होता. बाबांनी तो शांतपणे वाचला.

"फोन मत रखिए, अभी भवदीय बाकी है."