दुमडलेलं पत्र

कन्नड गावच्या तात्यासाहेबांनी लेकीच्या लग्नासाठी माझ्या कारखान्यातून पलंग, कपाट, सोफा नेला. त्यांनी दिलेला चेक बँकेनं परत पाठवला. सोबतच्या बँकेच्या मेमोवर कारण होतं, खात्यात पुरेशी रक्कम नाही. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "मेहरुन्निसा, मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस पाठवावी लागते. त्याआधी एक सभ्य पत्र लिहून बघा."

मी लिहिलं. सुरुवातीला, 'आपण प्रतिष्ठित गृहस्थ आहात. आपल्याशी व्यवहार झाल्याचा आनंद आहे.' त्याखाली चेकचा नंबर, तारीख, रक्कम, परतीचं कारण. शेवटी, 'हे नजरचुकीनं झालं असावं. आठवड्याभरात रक्कम खात्यावर भरावी.'

आठवडा गेला. पैसे नाहीत, फोनही नाही. मग कन्नडचे मंडपवाले गोकुळ यांचा फोन आला.

"ताई, तात्यासाहेबांना तुम्ही चांगलं ओळखता व्हय? तुमच्या कारखान्याचं पत्र दाखवलं त्यांनी. लई मानानं लिहिलंय तुम्ही."

"पूर्ण वाचलंत का?"

"वरचंच वाचलं. खालचा कागद त्यांनी मागं दुमडून धरला होता."

मला शिसारी आली. दुमडलेला सगळा मजकूर मी त्यांना वाचून दाखवला.

"ताई," ते म्हणाले, "मंडप कालच उभा केला. आन् त्यांनी दिलेला चेक आता माझ्या खिशात हाये."

मी वकीलबाईंना फोन लावला. म्हटलं, "नोटीस आजच काढा. आणि त्या हरामखोराबद्दल एकही चांगला शब्द लिहू नका, तो विकून खातो."