सोळाशे हर्ट्झ

घोडेगावच्या रस्त्यावरच्या त्या पॉलिटेक्निकात जीटी मारल्याशिवाय कुणी डिप्लोमा होत नाही. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काचेखाली बल्ब, काचेवर मागच्या पोरांची फाईल, तिच्यावर आपला कागद. असं वर्षभर गिरवलं की फिल्टरचा, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणाऱ्या सर्किटचा, आलेख हाताला पाठ होतो. सुरुवातीला शून्य डेसिबलवर आडवी रेघ, मग उतार, आणि गेन तीन डेसिबलने खाली येतो तिथे कटऑफ, सोळाशे हर्ट्झ. मीटरकडे बघतो कोण?

महाळुंगे पडवळची वृषाली बघायची. पुण्यात थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग मिळवायचं, तर तिला या प्रॅक्टिकलला पंचवीसपैकी बावीस तरी हवे होते. परीक्षेत तिने फिल्टरच्या किटवर प्रत्येक फ्रिक्वेन्सीला आउटपुट मोजलं, डेसिबल काढले, सेमीलॉग कागदावर बिंदू मांडले. तिचा कटऑफ आला एकशेसाठला.

बाहेरून आलेल्या परीक्षक प्रतिभा मॅडम हसल्या. "एक शून्य खाल्लंस का गं?"

"न्हाई मॅडम. मोजून बघा की."

मॅडमनी सिग्नल जनरेटर सोळाशेवर ठेवला. एक व्होल्ट आत, बाहेर पॉइंट सातच्या आसपास यायला हवा होता. आला पॉइंट एक. म्हणजे गेन वीस डेसिबलने खाली, अगदी वृषालीच्या आलेखात होता तसा. त्यांनी लॅबच्या गोकुळ सरांकडे पाहिलं.

"दिवाळीत सगळ्या किटचे कपॅसिटर उडाले व्हते," सर मान खाली घालून म्हणाले. "दुकानात दहापट मोठेच मिळाले. तेच बसवले. कटऑफ दहापट खाली गेला, वरचं सोळाशेचं लेबल बदलायचं राहिलं."

मॅडमनी बाकीचे कागद चाळले. प्रत्येकावर सोळाशे. एकानेही किट चालू केलं नव्हतं. हे कळायला बाईंना क्षणही लागला नाही, आणि ते गिळायलाही लागला नाही.

"हिचं बरोबर धरलं, तर बाकी सगळी नापास होतात," त्या सरांना म्हणाल्या. "मग चौकशी. तुमची आणि माझीपण." मग त्या वृषालीकडे वळल्या. "दुसरा कागद घे. सोळाशेचा काढ. तेवीस देते."

"आन् हाच ठेवला तर?"

"तर दहा. नमुना उत्तराशी जुळत नाही ना बाळा."

वृषालीने सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं, आणि तो राग कुणावर काढायची सोय नव्हती. तिने नवा कागद घेतला. तिने कधी जीटी मारली नव्हती, त्यामुळे पाठ काहीच नव्हतं. आधी सोळाशेचा कटऑफ मांडला, मग न मोजलेले आकडे उलटे गणित करून काढले, आणि त्यांवरून रेघ ओढली.

मॅडमनी तो कागद उंच धरून सगळ्यांना दाखवला. "आलेख असा काढायचा असतो," त्या म्हणाल्या.