आवाजासाठी वेगळा चौकोन

वर्गशिक्षिका बाईंनी पालकांना जे पत्र पाठवले, ते खरे तर त्यांनी लिहिलेले नव्हते. ते मागच्या वर्षीच्या सहलीचे पत्र होते. शाळेची माहिती देणाऱ्या चित्रफितीसाठी सहावीच्या वर्गातला एक प्रयोग चित्रित करायचा, तो शाळेच्या संकेतस्थळावर टाकायचा आणि त्यासाठी पालकांची संमती शुक्रवारपर्यंत गोळा करायची, असे मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सोमवारी सांगितले होते. हाताशी वेळ नव्हता. बाईंनी जुने पत्र उघडले, ‘सहल’ हा शब्द जिथे जिथे दिसला तिथे ‘चित्रीकरण’ घातले, तारीख बदलली आणि चौतीस प्रती काढल्या.

मंगळवारी एका विद्यार्थ्याच्या आजोबांचा फोन आला. चित्रीकरणाला आपली काहीच हरकत नाही, असे त्यांनी आधी सविस्तर सांगितले. मग अत्यंत गंभीर आवाजात विचारले, की मुलांना पाण्याजवळ जाऊ दिले जाणार नाही असे कलम चार म्हणते, तर कॅमेरा नक्की कुठे लावणार आहात? बाईंनी पत्र पुन्हा वाचले. कलम चार खरेच जसेच्या तसे राहिले होते. शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी चहाबरोबर बाईंचीही यथेच्छ खिल्ली उडाली. ड्रॉइंगच्या सरांनी तर लाइफ जॅकेट कुठल्या रंगाची मागवायची, असेही विचारून घेतले.

बुधवारी मुंगीचे पत्र परत आले आणि बाईंचे हसू मावळले.

मुंगी हे त्या मुलीचे वर्गाने ठेवलेले नाव. यंदाच नव्याने दाखल झालेली, चणीने लहान, आपल्यापेक्षा मोठ्या वस्तू उचलून नेण्याची हौस असलेली आणि तोंडातून शब्द न काढणारी. हजेरीला हात वर करी, उत्तर विचारले की वहीत लिहून वही पुढे सरकवी. पाच महिन्यांत बाईंनी तिचा आवाज असा ऐकलाच नव्हता.

तिच्या आईने पत्रातल्या ‘होय’ आणि ‘नाही’ या दोन्ही चौकोनांना हात लावला नव्हता. दोन वाक्यांखाली मात्र पट्टी धरून रेघ ओढली होती. पहिले वाक्य होते, ‘मुदतीत उत्तर न आल्यास संमती आहे असे समजण्यात येईल.’ त्याच्यापुढे बारीक, सुबक अक्षरात लिहिले होते, ‘मी गप्प राहिले म्हणजे हो म्हणाले, हे कसं?’ दुसरे वाक्य होते, ‘संमती नसलेल्या विद्यार्थ्यांना त्या दिवशी ग्रंथालयात बसवले जाईल.’ त्याच्यापुढे प्रश्नही नव्हता. नुसते लिहिले होते, ‘हा तिचाच वर्ग आहे.’

बाईंना आधी राग आला. बावीस वर्षांच्या नोकरीत पत्राची अशी तपासणी कोणी केली नव्हती. पण दुपारी वह्या तपासता तपासता ‘हा तिचाच वर्ग आहे’ हे वाक्य पुन्हा पुन्हा समोर येऊ लागले. सहलीला ज्याला पाठवायचे नाही तो मागे राहतो, हे ठीकच आहे. पण इथे सहल कुठे होती? मुंगीच्या आईने ‘नाही’ म्हटले असते, तर मुंगीला तिच्या स्वतःच्या बाकावरून उठवून बाहेर काढले असते, आणि ते बाईंनीच सहीनिशी लिहून दिले होते.

मुंगीची आई काम करत असे त्या चष्म्याच्या दुकानात बाई संध्याकाळी गेल्या. दर्शनी भागात फ्रेमा आणि आरसे होते. मागे काचेच्या पार्टिशनपलीकडे एका अरुंद टेबलावर मुंगीची आई भिंगाची कड घासत बसली होती. फिरत्या चाकावर पाण्याची बारीक धार पडत होती. तिने भिंग फ्रेमच्या खाचेत बसवून पाहिले, पुन्हा काढले, केसभर घासले आणि मगच मान वर केली.

“रागावून आलात का, बाई?” तिने विचारले.

“निघाले तेव्हा रागात होते,” बाई म्हणाल्या. “वाटेत ओसरला.”

मग मुंगीच्या आईने सारे सांगितले. आधीच्या शाळेत मुंगीला मंचावर कविता म्हणायला उभे केले होते. दुसऱ्या कडव्याला ती अडली, रडू लागली आणि माइकमध्ये म्हणाली, मला घरी जायचंय. कोणीतरी ते टिपले होते. कोणीतरी मागे गमतीदार संगीत घातले. आठवड्याभरात ती फीत ओळखीच्या आणि अनोळखी फोनवर पोहोचली. शाळेच्या बसचा चालकसुद्धा ती चढली की तिच्याच सुरात म्हणायचा, मला घरी जायचंय. तोंडदेखली परवानगी त्या वेळीही घेतली होती. पण एकदा हातातून सुटलेली फीत परत मागायची कुणाकडे?

“घरी ती खूप बोलते,” आई म्हणाली. “इतकं, की कधी कधी मीच म्हणते, जरा गप्प बस. शाळेच्या फाटकात शिरली की बंद. म्हणून म्हटलं, बाई, तिच्यावर परत कॅमेरा नको. पण तिला बाहेरही काढू नका.”

बाईंनी दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली नाही. घरी जाण्यापूर्वीच शाळेत परत जाऊन त्यांनी नवे पत्र लिहायला घेतले, आणि या वेळी कोऱ्या पानावर. काय टिपणार, कशासाठी, कुठे दाखवणार, किती काळ ठेवणार, नंतर विचार बदलला तर कोणाला सांगायचे, हे सगळे त्यात आले. चेहरा, आवाज आणि नाव यांसाठी तीन वेगवेगळे चौकोन केले. उत्तर आले नाही तर ‘नाही’ समजू, असे स्पष्ट लिहिले. आणि शेवटी लिहिले, की उत्तर काहीही असो, प्रत्येक मूल त्या दिवशी आपल्या वर्गात बसून तोच प्रयोग करील.

मोठ्या बाईंनी ते वाचून कपाळाला हात लावला. लग्नाची पत्रिकासुद्धा एवढी तपशीलवार नसते, असे त्या म्हणाल्या. पण सही केली.

मुदतीअखेर तीन जणांचे ‘नाही’ आले. त्यांत एक वडील असे होते, की ते प्रत्येक पत्रावर न वाचताच ‘नाही’ लिहीत. मुंगीच्या आईने तिन्ही चौकोनांत ‘नाही’ची खूण केली होती. बाईंनी वर्गाचा आराखडा काढला. कॅमेरा मधल्या ओळीत, खिडकीकडे पाठ करून. त्याच्या पुढे चार गट, मागे दोन. मागच्या गटांत संमती असलेली मुलेही मुद्दाम मिसळली, म्हणजे कोणाला कशासाठी मागे बसवले हे ओळखू येऊ नये. भिंतीवरचे नावांचे तक्ते उतरवले, गणवेशावरच्या नावाच्या पट्ट्या काढून खोक्यात ठेवल्या.

प्रयोग कप्प्यांचा होता. वाळूने भरलेली पिशवी आधी एका स्थिर कप्पीवरून उचलायची, मग एक हलती कप्पी जोडून उचलायची आणि काटा किती जोर दाखवतो ते पाहायचे. कॅमेऱ्यासमोरच्या गटातला एक धिटुकला मुलगा छाती काढून म्हणाला, “बघा, दुसऱ्या कप्पीमुळे वाळूचं वजन निम्मं झालं.”

“वजन तेवढंच आहे,” मागून आवाज आला. “जोर निम्मा लागतो. पण दोरी दुप्पट ओढावी लागते.”

सगळा वर्ग मागे वळला. मुंगी हातात दोरी धरून उभी होती, आणि आपण बोललो आहोत हे तिच्या अजून ध्यानात आले नव्हते. पुढच्याच क्षणी बाईंची नजर वर टांगलेल्या माइककडे गेली. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर कोण बसणार हे त्यांनी इंचाइंचाने ठरवले होते. आवाजाला चौकट नसते, हे त्या साफ विसरल्या होत्या.

चित्रीकरण करणारा मात्र हरखला होता. दिवसभरातले हेच सर्वांत जिवंत, असे त्याचे म्हणणे पडले. मोठ्या बाईंनीही ऐकल्यावर ते तसेच राहू द्यायला सांगितले. चेहरा दिसत नाही, नाव नाही, कोणाला कळणार? बाईंनी नम्रपणे पण ठामपणे पत्र पुढे केले. आवाजाच्या चौकोनात ‘नाही’ आहे. आईला कळवल्याशिवाय ते ठेवता येणार नाही आणि पुढे पाठवता तर मुळीच येणार नाही. कळवले तर ती चिडेल आणि मुलीला पुन्हा शाळा बदलावी लागेल, ही भीती बाईंना होतीच. तरी त्यांनी फोन केला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मुंगीची आई आली. रिकाम्या वर्गात आई आणि मुंगी दोघींना बसवून बाईंनी झाले ते न सजवता सांगितले, चूक आपली आहे हेही सांगितले. आईने हेडफोन कानाला लावले. एकदा ऐकले. पुन्हा लावायला सांगून दुसऱ्यांदा ऐकले.

“हे शाळेत बोलली?” तिने हळूच विचारले.

“सगळ्यांसमोर.”

आईने हेडफोन काढून शेजारी बसलेल्या मुंगीच्या कानावर ठेवले. मुंगी कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिली आणि संपताच म्हणाली, “पुसून टाका.”

“टाकू,” बाई म्हणाल्या. “आत्ताच.”

“चुकलंय ते.” मुंगीने हेडफोन काढले. “मी नुसतंच म्हटलं, दोरी दुप्पट लागते. मोजून कुठं दाखवलं? असं कुणीही म्हणेल. पट्टी लावून परत करायला पाहिजे.”

“आणि परत केलं तर सांगणार कोण?” आईने विचारले.

मुंगीने आईकडे असे पाहिले, जणू प्रश्नच चमत्कारिक होता. “दोरी माझ्याकडे आहे ना?”

चित्रीकरण करणाऱ्याने आईच्या देखत तो भाग कार्डावरून आणि संगणकावरच्या प्रतीतून काढून टाकला. आईने नवे पत्र मागून घेतले. चेहरा, नाही. नाव, नाही. आवाज, होय, आणि त्यापुढे तिने लिहिले, ‘हातही दिसले तर चालतील. फक्त पालकसभेत दाखवावे. संकेतस्थळासाठी नंतर वेगळे विचारावे. आधी मला आणि तिला दाखवावे.’ मोठ्या बाईंनी ते वाचले, संकेतस्थळाची प्रत या तुकड्याशिवाय करायला सांगितली आणि या वेळी कपाळाला हात लावला नाही.

सोमवारी चित्रीकरणासाठी वर्ग पुन्हा भरला. कॅमेरा खाली, टेबलाच्या उंचीवर होता. चौकटीत एक कप्पी, एक पट्टी आणि दोन लहान हात. मुंगीने सांगितले, की पिशवी वीस सेंटिमीटर वर गेली. मग ओढलेली दोरी मोजली आणि थबकली.

“त्रेचाळीस,” ती म्हणाली. “चाळीस यायला हवे होते.”

चित्रीकरण करणाऱ्याने बाईंकडे पाहिले. थांबवू का, असे त्याने खुणेने विचारले. बाईंनी मान हलवून नको म्हटले. वर्गात कोणीही हसले नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी पट्टी सरकली असेल म्हणून सुचवले, धिटुकला पिशवी धरायला धावला.

“थांबा रे,” मुंगी म्हणाली आणि तिची बोटे दोरीवरून चाचपत वर गेली. “गाठ सैल आहे. आधी ती ताणली गेली. मी परत बांधते, तुम्ही मोजा.”