सगुणाची टाच

बाळकुमच्या कोळीवाड्यात कुणाच्या पाठीत उसण भरली की तो आधी सगुणाच्या दारात येई आणि तिथे काम झालं नाही तरच दवाखान्यात जाई. सगुणा पायाळू होती. जन्माला येताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर काढले, एवढंच काय ते तिचं कर्तृत्व. पण पायाळू माणसाने पाठीवर तीनदा लाथ मारली की उसण पळते, यावर वाड्याचा असा विश्वास की जाळं टाकून परतलेले धटिंगण गडीही तिच्यापुढे मुकाट पाठ करून उभे राहत. सगुणा अलगद पाय लावी, आणि माणूस वडीलधारा असला तर लगेच त्याच्या पाया पडे. लाथही मारायची आणि पायाही पडायचं, याचं तिला सुरुवातीला हसू येई. पुढे सवय झाली.

तिची सासू भागीरथी सुनेचं कौतुक करणाऱ्यांतली नव्हती. सगुणाचं कालवण तिला पाणचट लागे आणि सगुणाने धुतलेली पापलेटं चिकट लागत. फक्त लाथेचा विषय निघाला की म्हातारीची मान ताठ होई. "माज्या सुनेच्या पायाला गुन हाय," असं ती ठाण्याच्या मच्छीबाजारात शेजारी बसणाऱ्या बायकांना सांगे, आणि गिऱ्हाइकांनाही सांगे, त्यांनी विचारलं नसलं तरी.

त्या दिवशी सकाळी भागीरथी सुकटीची पाटी उचलायला वाकली. पाटी भरलेलीसुद्धा नव्हती. जन्मभर याच्या चौपट ओझं तिने डोक्यावर वाहिलं होतं. वाकली आणि पाठीच्या मधोमध अशी कळ निघाली की पाटी हातातून सुटली आणि म्हातारी तिथेच अंगणात बसली. पडली नाही, घसरली नाही, कशावर आपटली नाही. म्हणूनच सगळ्यांनी एका आवाजात निकाल दिला, की उसण भरली.

तरी गोमाजीने, म्हणजे सगुणाच्या नवऱ्याने, हयगय केली नाही. आईला रिक्षात घालून तो जवळच्याच एका डॉक्टरकडे घेऊन गेला. तिथे फोटोचं यंत्र होतं. म्हातारीला कुशीवर झोपवेना, ती ओरडायला लागली, म्हणून समोरून एकच फोटो काढला. डॉक्टरने तो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आणि सांगितलं, हाड मोडलेलं नाही, वय झालंय, गोळ्या घ्या, शेक द्या.

हाड मोडलेलं नाही म्हटल्यावर प्रश्नच मिटला. हाड धड आहे, म्हणजे उसणच. आणि उसणीचं औषध तर घरातच चुलीपुढे बसलेलं.

सगुणाने आढेवेढे घेतले. गावाला पाय लावणं वेगळं आणि सासूला पाय लावणं वेगळं. पण गोळ्यांनी गुंगी तेवढी येत होती, दुखणं हटत नव्हतं. शेवटी म्हातारीच करवादली, "गावाला मारतंस, नि मनाच नको? की तुला मी बरी व्हायला नको?" सगुणा चुलीपुढून उठली. भागीरथी भिंतीला धरत धरत दाराशी आली आणि चौकटीला दोन्ही हात टेकून वाकून उभी राहिली. शेजारपाजारच्या बायका बघायला जमल्या.

पहिली लाथ नुसती लागली. दुसरीही तशीच. "जोरात मार गो! फुलां वाहतंस काय?" म्हातारी खेकसली आणि बायका फिदीफिदी हसल्या.

तिसरी लाथ सगुणाने जोरात मारली. खरं सांगायचं तर हवी होती त्याहून जरा जास्तच जोरात. पाणचट कालवण, चिकट पापलेटं आणि आत्ताचं ते हसणं, हे सगळं त्या पायात क्षणभर उतरलं. आणि त्याच क्षणी तिच्या टाचेला काहीतरी दबल्यासारखं लागलं. खाडीकाठी वाळकं शिंपलं पायाखाली चुरतं, तसं.

म्हातारी ओरडली नाही. नुसता श्वास आत ओढला आणि उंबऱ्यावर आडवी झाली. त्यानंतर तिला उठून बसता येईना. कूस बदलायची म्हटली तरी पाठीतली कळ दोन्ही बाजूंनी पोटापर्यंत यायची. खोकला आला की घरातल्या माणसांनी कानांवर हात ठेवावेत, असं ती विव्हळायची. सगुणा तिचं हगणं-मुतणं काढत होती, तोंडात पेज घालत होती, आणि बाहेर विहिरीवर बायका बोलत होत्या, की सुनेनं सासूची पाठ मोडली. ज्या हसल्या होत्या, त्याच बोलत होत्या.

गोमाजी बायकोशी बोलेनासा झाला. बोलला तो एकदाच. "आता ठान्याला मोट्या डाक्टरकडं नेतंय. फोटूत काय ता दिसंल. तुज्या लाथेनं मोडला असंल तर या घरात पाय ठेवायचा नाय. जायचा तुज्या आयशीकडं कोलशेतला."

टेंपोत गादी घालून म्हातारीला ठाण्याला नेलं. हाडांचे डॉक्टर प्रभाकर कर्णिक वयाने पन्नाशीचे, बोलायला हळू. त्यांनी आधी म्हातारीचे पाय तपासले. अंगठे हलवायला लावले, तळव्यांना टोचून पाहिलं, लघवी कळते का ते विचारलं. मग फोटो काढायला पाठवलं, समोरून एक आणि कुशीवरून एक. कुशीवर वळवताना म्हातारीने सगुणाचं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. सगुणाला ते रुतणं बरं वाटलं.

डॉक्टरांनी फोटो उजेडाच्या पेटीवर लावला. गोमाजी पुढे सरकला. सगुणा दाराशीच थांबली.

"पडल्या होत्या? काही मार लागला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

गोमाजीने बायकोकडे पाहिलं. उत्तर दिलं ते टेबलावर झोपलेल्या म्हातारीने. "सून पायालू हाय. तीन लाथा मारून घेतल्या. मीच बोललू, मार."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. रागावले मात्र नाहीत. त्यांनी पेन्सिल फोटोवर टेकवली. "हे मणके. एकावर एक ठेवलेल्या चौकोनी ठोकळ्यांसारखे दिसायला हवेत. हा बघा. मागची बाजू उभी आहे, पुढची बाजू चेपून निम्मी झालीय. पाचर दिसते ना, तसा झालाय. मागची बाजू शाबूत आहे म्हणून मज्जारज्जू वाचला, पाय वाचले. आणि हाडं बघा किती फिकी आहेत. फोटोत हाड पांढरं दिसायला हवं. यांच्या हाडांची नुसती कड दिसतेय, आत काही उरलेलंच नाही. याच्या वरचा मणकाही थोडा दबलेला आहे, तो जुना. तो कधी खचला ते यांना कळलंही नसेल."

"टीबी तर नाय ना?" गोमाजीने विचारलं. वाड्यात एकाला पाठीचा टीबी झाला होता.

"वाटत नाही. टीबीत दोन मणक्यांमधली जागा खाल्ली जाते, इथे ती नीट आहे. कॅन्सरसारखंही काही दिसत नाही. तरी रक्त तपासून घेऊ. हा म्हातारपणाचा हाडांचा ठिसूळपणा आहे."

गोमाजीने पिशवीतून आधीचा फोटो काढून दिला. डॉक्टरांनी तो शेजारी लावला, पट्टी घेऊन मणके मोजले आणि बराच वेळ बघत राहिले.

"समोरून हे सहज सुटतं," ते म्हणाले. "पण बघा, तोच मणका. शेजारच्यांपेक्षा उंचीला किंचित कमी. पाटी उचलतानाच तो मोडला होता. थोडासा. कुशीवरचा फोटो असता तर दिसला असता."

"म्हंजे हिच्या लाथेच्या आदीच मोडला होता?" गोमाजीचा आवाज चढला.

"मोडला आधीच होता. इतका चेपला मात्र नंतर."

"लाथेनं?"

"असेल. इतकं ठिसूळ हाड उठता-बसताना, खोकतानाही आणखी खचतं. कशाने खचलं ते फोटो सांगत नाही."

सगुणाने खाली पाहिलं. फोटोला माहीत नव्हतं. तिच्या टाचेला माहीत होतं.

डॉक्टरांनी लोखंडी पट्ट्यांचा पट्टा दिला, दुखण्याच्या आणि हाडांसाठी चुन्याच्या गोळ्या दिल्या. काही आठवडे अंथरूण, मग पट्टा बांधून हळूहळू चालायचं. वाकायचं नाही. डोक्यावर पाटी या जन्मात नाही. मणका पुन्हा उभा राहणार नाही, पाठीला बाक राहणारच. कूस बदलताना पाठ पिळू द्यायची नाही, खांदा आणि कंबर एकदम वळवायची. हे त्यांनी सगुणाला स्वतः करून दाखवलं आणि तिच्याकडून करून घेतलं.

गोमाजी मात्र एकच वाक्य घेऊन घरी आला. आदीच मोडला होता. ते त्याने गल्लीत सांगितलं, नाक्यावर सांगितलं, विहिरीवर बायकोला ऐकवून सांगितलं. आपण तिला घालवून द्यायला निघालो होतो, ते तो विसरूनही गेला. वाडाही विसरला. मच्छीबाजारातली भागीरथीची जागा दुसरीने घेतली, आणि म्हातारी छताकडे बघत पडून राहिली.

सगुणा एकदा तिचं अंग पुसत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हातारी म्हणाली, "मना ठाव हाय गो. कड् झाला तवा मना कललाच. तुला पन ठाव हाय. पन कुनाला बोलू नको. लोका तुला जगू देनार नाय."

सगुणाला वाटलं, म्हातारीने त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती ओला कपडा पिळत राहिली आणि रडली.

आणि मग जनी आली. भागीरथीच्याच वयाची, वाळून काटकी झालेली, लेकाच्या खांद्याला धरून पाऊल पाऊल टाकत. हंडा उचलताना तिच्या पाठीत उसण भरली होती. मागोमाग चार बायकाही आल्या. सगुणाच्या पायाचा गुण गेला की राहिला, हे सगळ्यांनाच बघायचं होतं.

"मार गो," गोमाजी ओटीवरून म्हणाला. निर्दोष सुटलेल्या बायकोची त्याला मिरवणूक काढायची होती.

आतून म्हातारीचाही आवाज आला. "मार सगुणा. हलूच मार. लोका बघतान."

जनी चौकटीला हात टेकून वाकली. लुगड्यातून तिच्या पाठीचे मणके दिसत होते. सगुणाने त्यांच्याकडे पाहिलं. नुसता पाय लावला असता तरी भागलं असतं. जनीला बरं वाटलंच असतं, तर नाव राहिलं असतं. नसतं वाटलं, तर जनीचं नशीब. आणि नाही म्हटलं तर गावाला काय कळेल, तेही तिला कळत होतं.

तिने वाकून जनीला दोन्ही हातांनी धरलं आणि हळूच उभं केलं.

"जनीमावशी, मी लात मारनार नाय. आयचा हाड थोडा मोडला होता, तो माज्या लातेनं चेपला. माज्या टाचेला लागलाय तो. तू ठान्याला जा. झोपवून कुशीवरचा फोटू काडायला सांग. समोरच्या फोटूत दिसत नाय."

जनीच्या लेकाने आईला जवळ ओढलं, जसं काही सगुणा आता मारणारच होती. बायका एकमेकींकडे बघत अंगणातून बाहेर पडल्या. त्या विहिरीवर पोचायच्या आत वाड्याला सगळं कळणार होतं.

गोमाजी ओटीवरून उतरला आणि दारात आडवा उभा राहिला. "आत येऊ नको," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला नाही.

"आयला कुशीवर वलवायची येल झाली हाय," सगुणा म्हणाली.

"मी वलवीन."

तो आत गेला. दाराला कडी लागली. आतून म्हातारी सगुणाला हाक मारत होती, मग गोमाजीला काहीतरी नको नको म्हणत होती. सगुणाने दारावर दोन्ही हात आपटले आणि ओरडली, "खांदा नि कंबर एकदम वलवा! एकदम! पाठ पिलू नका!"

आत म्हातारी किंचाळली.