मूळ डिस्क

रविवारी दुपारी आबांनी बारामतीहून फोन केला, तेव्हा मी इंदापुरात जेवत होते. त्यांनी पळसदेवचे मासे आणले होते, ते आईने कसे बिघडवले हे आधी सांगून झालं. मग ते सांभाळत त्या लॅबचं. कॉलेजच्या सर्व्हरची डिस्क भरली होती आणि सोमवारी मुलांची प्रॅक्टिकल परीक्षा होती.

त्या एका सर्व्हरवर चाळीस व्हर्च्युअल मशीन होती, प्रत्येक पडद्यामागे एक. आठवडाभर आबांनी प्रत्येकावर तेच अपडेट स्वतंत्रपणे चढवलं होतं, म्हणजे एकच गोष्ट चाळीस वेळा डिस्कवर लिहिली गेली होती. जागा करायला काहीतरी काढणं भाग होतं. या चाळीसांखेरीज दोन वर्षांत एकदाही चालू न झालेलं एक मशीन होतं. ठेकेदाराने पहिलं बनवलेलं, ज्याच्यावरून बाकीचे क्लोन काढले.

"ते काढा," मी म्हणाले. "आमच्या हॉस्पिटलातले सर्व्हर मीच बघते, तिथे मी काढते. क्लोन चालतात."

"तुज्याकडचं आन हितलं सारकंच हाय का, माधवे?"

"क्लोन म्हणजे क्लोन, आबा. जेवू द्या आता."

सारखं नव्हतं. आमच्याकडे प्रत्येक क्लोन ही पूर्ण प्रत असते. जागा खाते, पण कोणावर अवलंबून नसते. ठेकेदाराने जागा वाचवायला लिंक्ड क्लोन केले होते. एक मूळ डिस्क, आणि प्रत्येक मशीनजवळ फक्त तिच्यापेक्षा वेगळं झालेलं तेवढंच. मी एक प्रश्न विचारला असता तर कळलं असतं. मशीन सगळी बंद होती म्हणून त्या मूळ मशीनचं फोल्डर मुकाट पुसलं गेलं.

सोमवारी चाळीसही पडद्यांवर मूळ डिस्क सापडत नसल्याचा संदेश आला. मुलांचं वर्षाचं काम क्लोनच्या फाइलींत पडून होतं आणि वाचता येत नव्हतं. बॅकअप नव्हता. चौकशीत आबांनी सांगितलं, मीच पुसलं. कोणाला विचारून, असं कोणी विचारलंही असेल. नोटीस बुधवारी मिळाली, शुक्रवारी सकाळी ते चहा घेता घेता गेले. सोमवारपासूनच्या त्या चार दिवसांत मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा अपडेट कसं करायला हवं होतं ते त्यांना समजावलं: मुळाची पूर्ण प्रत काढा, ती अपडेट करा, तिच्यावरून नवे क्लोन काढा. ते "व्हय" म्हणत राहिले.

तेराव्यानंतर कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्य ऋषिराज सर चांगलं बोलले. सोनबांची, म्हणजे आबांची, तीस वर्षांची सेवा एका चुकीने मोजू नये, वयानुसार नवं तंत्र जड जातं, असं म्हणाले. मागे कोणीतरी हसलं, हळूच. आई पदराची कड बोटांना गुंडाळत होती. मला दोन शब्द बोलायला बोलावलं. कागदावर मी आबांची शिस्त लिहून आणली होती. तो घडी करून पर्समध्ये ठेवला.

"आबांना शंका आली होती," मी म्हणाले. "त्यांनी मला फोन करून विचारलं. पुसायला मी सांगितलं."