केकवरच्या तीन तिरक्या रेघा

लग्नाच्या आधी बाबांनी आईला फ्रेंचमध्ये एक पत्र लिहिलं होतं. आठ ओळींचं. आई तेव्हा नुकतीच फ्रेंच शिकवायला लागली होती, आणि बाबांनी हौसेनं तीन महिने शिकवणी लावली होती. पत्र चार दिवसांनी परत आलं. त्यावर लाल पेनाने अकरा गोल होते, खाली आकडा ११, आणि त्याखाली 'हो'.

आमच्या घरी ही गोष्ट तीस वर्षं सांगितली जाते आहे. पाहुणे आले की आई चहाबरोबर अकरा गोल वाढते. बाबा हसतात, पण बिस्किट जरा जोरात मोडतात.

यंदा लग्नाला तीस वर्षं झाली, तेव्हा बाबांनी मला त्यांच्या औषधाच्या दुकानात बोलावलं, काउंटरमागे नेलं आणि हळूच सांगितलं की केकवर एक ओळ फ्रेंचमध्ये हवी. एकही लाल गोल न पडणारी. आईला विचारायचं नाही आणि आईच्या ओळखीच्या कुणालाही विचारायचं नाही. मी म्हटलं, मी रसायनशास्त्र शिकलेय. ते म्हणाले, म्हणूनच, तू मोजून मापून बघशील.

ओळ त्यांनी स्वतः जमवली होती: Trente ans déjà, ma chérie. तीस वर्षं झाली सुद्धा, लाडके. मी ती दोन शब्दकोशांत अक्षर न् अक्षर तपासली. बायकोला म्हणायचं म्हणून शेवटच्या शब्दाला जास्तीचा e लागतो, तो होता. उरल्या तीन तिरक्या रेघा. दोन्ही é वरच्या रेघा उजवीकडे चढणाऱ्या, à वरची उजवीकडे उतरणारी. बाबांनी या रेघा रिकाम्या पाकिटांवर इतक्या वेळा गिरवल्या की एका गिऱ्हाइकाने विचारलं, ही गोळी दिवसातून तीनदा घ्यायची का.

मी ओळ बेकरीला फोनवरून टाइप करून पाठवली आणि निश्चिंत झाले. बाबा झाले नाहीत. आयुष्यभर डॉक्टरांचं अक्षर वाचलेला माणूस लिहिलेल्या कागदावर सहज विश्वास ठेवत नाही. वाढदिवसाच्या दिवशी दुपारी, म्हणजे लग्नाच्या, ते मला घेऊन बेकरीत गेले. आई सहाला घरी येणार होती.

सजावट करणाऱ्या ताई मागच्या खोलीत होत्या. गुळगुळीत पांढरा केक फिरत्या टेबलावर ठेवलेला आणि समोर ऑर्डरची छापील चिठ्ठी. चिठ्ठीवर होतं: d?j?, ma ch?rie. दुकानाच्या यंत्राला जी अक्षरं ओळखता येत नाहीत, तिथे ते प्रश्नचिन्ह छापतं.

"मला वाटलं, नवऱ्याला शंका आहे," ताई म्हणाल्या.

बाबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर ती ओळ ठळक अक्षरांत होती. ताईंनी तो नीट पाहिला आणि सांगितलं की त्यांना ही भाषा येत नाही, तेच बरं आहे. येणारी माणसं डोक्यातून लिहितात आणि चुकतात. त्या फक्त चित्र काढतात.

केकवर हात लावायच्या आधी त्या बटर पेपरवर एकदा लिहून बघतात. मेंदीच्या असतो तशा कागदाच्या कोनात पातळ चॉकलेट भरून त्यांनी ओळ काढली, एका दमात, सुरेख. बाबांचा चेहरा मात्र उतरला. तिन्ही रेघा एकाच बाजूला कललेल्या होत्या, आणि प्रत्येक रेघ खालच्या अक्षराला टेकलेली होती.

ताईंनाही ते दिसलं. त्यांनी पुन्हा काढली. पुन्हा तसंच. मग त्या कोन खाली ठेवून स्वतःच्या हाताकडे बघायला लागल्या.

"काका, ही मात्रा आहे," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं केकवर नावं लिहितेय. अक्षराच्या डोक्यावर रेघ म्हटली की हात आपोआप मात्रा देतो. डावीकडून खाली, आणि टेकवून. हवेत लटकणारी मात्रा माझ्या हातून निघतच नाही."

à ला मात्रा चालली असती, फक्त न टेकवता. अडचण é ची होती. मी मदत म्हणून सांगितलं की रेघ आडव्या अक्षापासून पंचेचाळीस अंशांवर, धन दिशेने घ्या. ताईंनी बाबांना विचारलं, ही घरीपण अशीच बोलते का. बाबा म्हणाले, जेवताना जास्त.

मग मला सुचलं. टेबल फिरतं आहे, तर केक उलटा करायचा, म्हणजे अर्धी फेरी द्यायची आणि त्यांची नेहमीची मात्रा काढायची. सरळ केला की रेघ उलट दिसेल. मी इतक्या खात्रीने बोलले की ताईंनी बटर पेपर फिरवून काढूनही पाहिली. सरळ केली. रेघ होती तशीच, उतरणारी. अर्ध्या फेरीत रेघेचा कल बदलत नाही. हे मला दहावीत शिकवलं होतं.

"विज्ञान," बाबा म्हणाले. ते लागलं.

ताई टेबलाशी चाळा करत होत्या. बटर पेपर वर ठेवून त्यांनी ते डावीकडे फक्त पाव फेरी वळवलं, ओळ त्यांच्यासमोर उभी आली, आणि त्यांनी é च्या डोक्याजवळ आपली मात्रा दिली. पाव फेरी परत. रेघ उजवीकडे चढत होती. डोक्याशी जाड, खाली निमुळती, बाबांच्या कागदावर होती तशी.

"हात तोच राहू दे, केकच वळू दे," त्या म्हणाल्या. टेकू नये म्हणून अक्षरांवर तेवढ्यापुरती कागदाची पट्टी धरायला त्यांनी मला सांगितलं. "धर. अंश मोजू नकोस."

केकवर त्यांनी आधी बिनरेघांची ओळ लिहिली, मग à ची मात्रा टेबल न हलवता दिली आणि दोन्ही é साठी टेबल वळवलं. बाबा सबंध वेळ पाठमोरे उभे होते. झालं म्हटल्यावर त्यांनी खिशातल्या कागदाशी तीनदा ताडून पाहिलं आणि ताईंना म्हणाले, उत्तीर्ण झालो तर कळवीन.

आई सहाला आली. डबा उघडला, चष्मा लावला आणि वाचायला लागली. तीस वर्षं हजारो वह्या तपासलेली बाई पाच शब्द इतका वेळ वाचेल असं मला वाटलं नव्हतं. बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते, तोंडी परीक्षेला आल्यासारखे.

"कुणाकडून तपासून घेतलंस?"

"कुणाकडून नाही."

"ही?" आईने माझ्याकडे बोट केलं.

"हिने पट्टी धरली," बाबा म्हणाले.

आईने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग पर्समधून लाल पेन काढलं. बाबांनी डोळे मिटले. पण आई कपाटाकडे गेली, तिचा जुना शब्दकोश काढला आणि मागच्या पुठ्ठ्यातून एक पिवळा पडलेला कागद बाहेर ओढला. परत आलेलं ते पत्र लग्नानंतर तिने बाबांच्या कागदांतून काढून ठेवलं असेल हे बाबांनाही माहीत नव्हतं. तिने ते केकशेजारी पसरलं आणि खालचा ११ खोडून १० केला.

"हे votre," तिसऱ्या ओळीतल्या एका गोलावर पेन टेकवत ती म्हणाली. "o वर टोपी हवी म्हणून मी गोल केला होता. 'तुमचं पत्र' म्हणताना टोपी लागत नाही. तुझं बरोबर होतं."

बाबांनी त्या गोलावर बोट ठेवलं. "तुला कधी कळलं?"

"लग्नाच्या आधी. साधारण आठवडाभर."

"आणि तीस वर्षं तू पाहुण्यांना अकरा सांगतेस?"

"अकरा ऐकायला बरं वाटतं," आई म्हणाली. "शिवाय तू काही तपासून बघितलं नाहीस."

बाबांनी केक कापायला घेतला. ओळ आई मोडू देईना, म्हणून त्यांनी कडेकडेने कापला आणि आम्ही तिघांनी नुसत्या कडा खाल्ल्या. नंतर बाबांनी बेकरीत फोन लावला. पलीकडून ताईंनी काय विचारलं ते ऐकू आलं नाही. बाबा म्हणाले, हो, आपण दोघंही पास, आणि फ्रेंचच्या बाईंचा एक मार्क कापला.